कानातून येणारा उजेड : तुमचेही अनुभव सांगा

रंकाळाकाठी
काल संध्याकाळी भाचीला घेऊन रंकाळ्यावर गेलो होतो. ती कठड्यावर बसून कणीस खात होती आणि सूर्य बरोब्बर तिच्या मागं. तिचे दोन्ही कान असे लाल झाले की आत निखारा ठेवलाय जणू. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मी पोचलो सहा वर्षं मागं, राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत.

मी आणि माझा मित्र तेव्हा फोनवरचा कुस्तीचा खेळ करत होतो. पैलवान उभा राहिला, पण कातडी शाडूची दिसायची. म्हटलं, बाकी राहू दे, मागून उजेड आला की कान पेटला पाहिजे. बारे-ब्रिझबुआ आणि बूशार यांनी 2011 च्या जीडीसीत दाखवलेली युक्ती घेतली:

```
vec3 H = normalize(L + N * 0.2);
float t = pow(max(dot(V, -H), 0.0), 4.0);
color += albedo * lightColor * t * thin * shadow;
```

`thin` म्हणजे पातळपणाचा नकाशा, कान पांढरा आणि डोकं काळं.

सूर्य मागं ठेवला, तरी कान काळाच. उजेड दुप्पट केला, पाचपट केला, वीसपट केला. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी मित्रानं `shadow` च्या जागी नुसता 1.0 लिहिला आणि कान पेटला! शॅडो मॅपच्या हिशेबानं कानाची आपल्याकडची बाजू कानाच्याच सावलीत होती. शून्याला वीसनं गुणत बसलो होतो आम्ही.

आनंदाच्या भरात सावलीच काढून टाकली. मग पैलवान तालमीत गेला. चारी बाजूंना दगडी भिंती, आत अंधार, आणि कान पेटलेलेच. भिंतीपलीकडचा सूर्य त्याला लागत होता. शेवटी एवढ्या एका उजेडापुरती सावली विचारताना बिंदू सूर्याच्या दिशेनं दोन सेंटिमीटर पुढं सरकवला. कान काही मिलिमीटरचा, त्यामुळं बिंदू त्याच्या पलीकडं जातो. भिंत लांब असते, ती अडवतेच.

तुमचं असं काही झालं असेल तर लिहा. कातडी, मेण, पान, काहीही.

फेटेवाला
एवढं कशाला दादा? रॅप लायटिंग टाकायचं, `(dot(N,L)+0.5)/1.5`, संपला विषय. मी सगळ्या कातडीला तेच लावतो. स्वस्त आणि मस्त.

उत्तरेश्वरची
गालाला चालेल, कानाला नाही. 0.5 चा रॅप उजेडाला 90 अंशांऐवजी 120 पर्यंत नेतो, बस्स. सूर्य थेट मागं असेल तर कानाची पुढची बाजू 180 च्या आसपास असते, तिथं शून्यच येणार. बरं, रॅप 1 केला तर उजेड पार मागपर्यंत जातो, पण तो कान आणि डोकं यांत फरक करत नाही. रॅपला फक्त नॉर्मल कळतो, जाडी कळत नाही.

आणि 1.5 नं भागलंस तर चेहऱ्यावरचा एकूण उजेड वाढतो. तेवढाच ठेवायचा तर 1.5 च्या वर्गानं, म्हणजे 2.25 नं भाग. समोरचा भाग थोडा मंद होईल, पण चेहरा पिठूळ दिसायचा थांबेल.

फेटेवाला
पिठूळ! हाच शब्द आमच्या क्लायंटनं वापरला होता. आज रात्रीच बदलतो, ताई.

गंगावेस_७७
मला शेडर-बिडर कळत नाही, पण आखाड्यात बारा वर्षं काढलीत. पैलवानाचा कान असा उन्हात पेटत नाही ओ. घासून घासून मोडलेला असतो, गाठीसारखा जाड आणि कडक. माझा डावा कान बघा येऊन. तालमीत नवीन आलेल्या पोराचा कान पेटेल, वस्तादाचा नाही.

रंकाळाकाठी
भाऊ, हे सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आम्ही सगळ्यांना एकच नकाशा लावला होता. वस्तादाचा कान काळा रंगवायला दहा मिनिटं लागली असती.

शाहूपुरी४थीगल्ली
धावत लिहितेय, कुकर लावलाय. नकाशा बेक करताना माझा घोटाळा झाला होता. नॉर्मल आत उलटवायचे, ॲम्बियंट ऑक्लूजन काढायचं आणि रंग उलटे करायचे, इथपर्यंत बरोबर होतं. पण किरणाची लांबी मूळचीच ठेवली, अर्धा मीटर. डोक्याच्या आत सोडलेला किरण तेवढ्यात पलीकडच्या कवटीला लागतोच, म्हणजे डोकंही पातळ ठरलं. माझी बाई आकाशकंदिलासारखी उजळली, कपाळासकट! लांबी एक सेंटिमीटर केली तेव्हा फक्त कान आणि नाकपुड्या उरल्या. सगळा चेहरा पेटला तर शेडर नंतर बघा, आधी ही लांबी बघा.

पेंटरचापोरगा
वडील बॅनर रंगवायचे. चेहऱ्यावर उजेड संपून सावली लागते तिथं लालसर पट्टा ओढायचेच. विचारलं तर म्हणायचे, "रक्त तिथंच दिसतंय." रॅप तीन रंगांना वेगवेगळा दिला, लाल 0.4, हिरवा 0.15, निळा 0.1, आणि स्क्रीनवर तोच पट्टा आला. वडील आता नाहीत. त्या दिवशी कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं, पण कुणाला सांगणार.

गंगावेस_७७
तुमच्या वडिलांनी रंगवलेला एखादा बोर्ड आहे का अजून कुठं?

पेंटरचापोरगा
एक आहे घरी, माळ्यावर. पत्र्याला गंज लागलाय, पण चेहरा शाबूत आहे.

उसाच्याबांधावर
मी शिरोळकडची. शेतीच्या ॲपसाठी ऊस दाखवायचा होता. पान म्हणजे नुसती पट्टी, दोन्हीकडून दिसणारी. मागची बाजू दिसताना नॉर्मल उलटवायला विसरले, आणि वारा आला की पानं लुकलुकायची. एका क्षणी पान उन्हाकडचं ठरायचं, दुसऱ्या क्षणी मागचं. `gl_FrontFacing` बघून नॉर्मल फिरवला, लुकलुक थांबली.

तरीही खोटं वाटत होतं. सकाळी बांधावर जाऊन एक पान सूर्यासमोर धरलं. वरून निळसर हिरवं दिसणारं पान आरपार बघितल्यावर पोपटी, पिवळ्याकडं झुकलेलं. आणि मधली शीर! तिच्यातून जवळजवळ काहीच येत नाही, पानात काठी ठेवल्यासारखी दिसते. मग आरपारच्या उजेडाला वेगळा रंग दिला आणि शीर नकाशात काळी केली. लांबून बघताना एवढंही पुरतं.

फेटेवाला
ताई, मेणबत्तीचं कुणी केलंय का? वाढदिवसाचं ॲप आहे, मेणबत्ती वितळत खाली येते. वरचा भाग छान पेटतो, पण ती निम्मी झाली की पेटलेला भागही वितळून जातो आणि खाली नुसता खडू उरतो.

उत्तरेश्वरची
कारण नकाशा पूर्ण मेणबत्तीचा आहे. आकार बदलला की बेक केलेली जाडी खोटी पडते, या युक्तीची मर्यादाच ती. मेणबत्तीपुरतं सांगते, नकाशा सोड आणि ज्योतीपासून बिंदू किती खाली आहे त्यावरून उजेड घातांकानं कमी करत जा. ज्योत खाली आली की उजेडही तिच्याबरोबर येईल.

रंकाळाकाठी, तुमच्या कोडमधला `normalize` मूळ मांडणीत नाही. तो काढून बघा. सूर्य थेट मागं आणि कानाचा नॉर्मल आपल्याकडं असेल तर `dot` 0.8 येतो, चौथा घात 0.41. कडेला मात्र पूर्ण 1. म्हणजे मध्ये मंद आणि कड पेटलेली. तुमच्याकडं मध्ये 1 आणि कडेला 0.92, जवळजवळ सपाट. मला कड पेटलेली आवडते.

शाहूपुरी४थीगल्ली
मला नाही आवडत. जेली वाटते. कुकर झाला, येते.

रंकाळाकाठी
मोबाइलवरचा कालचा फोटो बघितला, कान नुसता लाल डाग झालाय, मध्य आणि कड काही कळत नाही. भाचीला कणसाचं आमिष दाखवलंय. ढग नसले तर आज पावणेसहाला पुन्हा कठड्यावर, आणि या वेळी एक्स्पोजर कमी ठेवून.