आठवडाभर आत्या शाळेतून नेणार: शाळेला काय कळवू?

नेहा, बाणेर: नमस्कार मंडळी. न्यू जर्सी सोडून पुण्यात परतल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघंही तिकडे येतोय, १३ ते १८ जुलै. लेक पहिलीत आहे, शाळा साडेबाराला सुटते. त्या आठवड्यात कोथरूडची आत्या तिला आणेल. शाळेला कसं कळवायचं?

अजित, एडिसन: नोटरी करून घ्या. आमचा मुलगा आजी-आजोबांबरोबर भारतात आला तेव्हा आम्ही संमतिपत्र नोटरी केलं होतं.

शिरीषकाका, सहकारनगर: अजित, ते परदेश प्रवासासाठी. इथे वर्गशिक्षिकेला मेसेज आणि आत्याचं आधार पुरे. नातवाला मी तसंच आणतो.

मानसी, औंध: काका, तुम्हाला गेटवर सगळे ओळखतात, म्हणून चालतं. मी शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय. बाई त्या दिवशी रजेवर असल्या, तर तो मेसेज त्यांच्याच फोनमध्ये राहतो आणि गेटवरच्या मावशी मुलीला सोडत नाहीत. त्यांनी सोडूही नये. मुख्याध्यापिकांच्या नावे, दोघांच्या सहीचं पत्र ऑफिसात द्या आणि पोच घ्या. मजकूर साधारण असा:

"आमची मुलगी, इयत्ता पहिली, तुकडी ब, हिला सोमवार १३ ते शनिवार १८ जुलै शाळा सुटल्यावर तिची आत्या नेईल. ती येऊ न शकल्यास फक्त आजोबा येतील. दोघांचे फोटो, मोबाइल क्रमांक व ओळखपत्राची प्रत सोबत आहे. अन्य कोणी आल्यास, किंवा आमच्या नावाने फोन आल्यास, मुलीला सोडू नये. सोमवार २० जुलैपासून पूर्वीप्रमाणे आम्ही येऊ."

शेवटची तारीख नसली की ती परवानगी तशीच चालू राहते. आधारची द्यायची तर मास्क्ड प्रत द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. एस्कॉर्ट कार्ड असेल तर आत्याचं तात्पुरतं कार्ड मागा. आणि खात्री करायला शाळा तुम्हालाच फोन लावते. पुण्यात साडेबारा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे तीन. म्हणून इथला एक क्रमांक पत्रात ठळक लिहा आणि जाण्याआधीच आत्याला एकदा शाळेत नेऊन बाईंना भेटवा. चेहरा पाहिलेला असला की लेकही घाबरत नाही. जुलैत पावसामुळे शाळा लवकर सुटली तर पालकांच्या ग्रुपवर कळतं, त्यात आत्याला आठवडाभर घ्या.

प्राजक्ता, वाकड: माझा सोळा वर्षांचा भाचा आणायला गेला होता, त्याला परत पाठवलं. पत्र दिलेलं होतं!

मानसी, औंध: बऱ्याच शाळा अठराच्या आतल्यांकडे मूल देत नाहीत. आधी विचारायला हवं.

नेहा, बाणेर: मानसीताई, मनापासून आभार. पत्र उद्याच देते. पण दोन दिवस ती शाळेच्या बसने येते. बसच्या ताईंनाही हीच प्रत चालेल का?

मानसी, औंध: ऑफिसची प्रत बसपर्यंत पोचेलच असं धरू नका. ट्रान्सपोर्टच्या इन्चार्जना वेगळी द्या. स्टॉप मात्र बाणेरचाच राहील असं समजा, मार्ग ठरलेला असतो. आत्याला तिथेच उभं राहावं लागेल.

नेहा, बाणेर: तिला त्या वेळी कोथरूडहून येणं अवघड आहे. इन्चार्जना विचारलंय, अजून उत्तर नाही.