ऑनलाइन पँट मागवायची आहे, घरी टेपने माप नेमकं कसं घ्यायचं?

नेहा_इंदिरानगर
बाबांसाठी दोन फॉर्मल पँटी मागवायच्या आहेत. जुन्या पँटीवर 34 लिहिलंय, म्हणून मागच्या वेळी 34 घेतली. बटण लागलं, पण सीटवर इतकी ताणली की बाजूचे खिसे उघडेच राहिले. आज टेपने मोजलं तर बेंबीवर 37 इंच, सीट 42. मग 38 मागवू का? आणि लांबी कुठून घ्यायची?

सातपूरकर
कंबर मोजा, दोन इंच वाढवा, झालं. लांबी कंबरेपासून घोट्यापर्यंत. आमचे टेलर तशीच घेतात.

पंचवटी_शिवणकाम
टेलर ती लांबी घेतात हे बरोबर, पण साइटवर विचारतात ती आतली लांबी, म्हणजे दोन पायांच्या जोडापासून खाली. आणि दोन इंच वाढवू नका. तक्त्यात अंगाची मापं दिली असतील तर सैलपणा त्यात आधीच धरलेला असतो.

नेहाताई, बेंबीवर मोजू नका. बाबा पट्टा बांधतात तिथे टेप लावा. पोट असलं की पँट त्याच्या खाली बसते. श्वास सोडून, टेपखाली एक बोट जाईल इतपत. सीट मोजताना पाय जुळवलेले, खिसे रिकामे, आणि टेप मागे सर्वांत फुगीर भागावरून आडवा. स्वतः वाकून बघितलं की तो मागे घसरतो, म्हणून दुसऱ्याने मोजावं.

नेहा_इंदिरानगर
पट्ट्याच्या जागी साडेचौतीस आलं! सीट 42च. तक्त्यात 34ला सीट 40 आहे, 36ला 42.

पंचवटी_शिवणकाम
मग 36 घ्या. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून इंच-दीड इंच आत घेता येते, शालिमारला कुठलाही अल्टरवाला करून देईल. सीट वाढवायची तर शिवणीत कापड लागतं, आणि रेडिमेडमध्ये ते फार थोडं सोडलेलं असतं. कंबर दोन इंचांहून जास्त घटवू मात्र नका, मागचे खिसे एकमेकांकडे सरकतात.

लांबीसाठी अंग मोजूच नका. बाबांना नीट बसणारी पँट पलंगावर सपाट पसरा, एक पाय बाजूला करा आणि जोडापासून मोहरीपर्यंत आतल्या शिवणीवर टेप धरा.

उंच_माणूस
माझी आतली लांबी 34 आणि दुकानात 32च्या पुढे मिळतच नाही. कॉलेज रोड पालथा घातला. काय करू?

पंचवटी_शिवणकाम
मोहरीच्या आतली दुमड उलगडून बघा. तिथे दोन इंच सापडले तर काम झालं. जुन्या पँटीवर दुमडीची रेघ मात्र दिसत राहते.

सातपूरकर
आणि लायक्रावाली घेतली तर? तिथे 34 चालेल की.

पंचवटी_शिवणकाम
उभ्याने चालेल. बसल्यावर काय होईल ते कापड हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. मी 36च घेईन.