मॅन्युअलमधले नंबर मराठी करायचे का चित्रातल्यासारखेच ठेवायचे?

आर्वीकर: पेट्रोलच्या फवारणी पंपाचं मॅन्युअल मराठीत करून राहिलो. चित्रात पार्टला 1 ते 14 नंबर आहेत, चित्र बदलता येत नाही. मजकुरात १, २ लिहू का 1, 2 च ठेवू? अन् ‘स्टेप 6 पाहा’ हे हातानं टाईप केलं तर चालते का?

विनू वरुड: मराठी म्हणजे पूर्ण मराठी. फाइंड-रिप्लेस मारा अन् सगळे आकडे देवनागरी करून टाका.

रेखा डीटीपी: विनूभाऊ, स्टेपचे नंबर करा खुशाल, पण चित्रातल्या पार्टचा नंबर चित्रात छापला तसाच पाहिजे. आपला १ घाईत 9 सारखा दिसते. समजा 1 म्हणजे टाकीचं झाकण अन् 9 म्हणजे ड्रेन बोल्ट, तर ‘झाकण (१) उघडा’ वाचून माणूस चित्रात 9 शोधणार अन् भरल्या टाकीचं औषध पायावर घेणार.

त्याहून जास्त घोळ वाक्य फिरल्यानं होते. मूळ इंग्रजीत आधी प्लग (7), मग पाना (9), शेवटी कॅप (6) असं येते. मराठीत आपण ‘कॅप (6) ओढून काढा, मग पान्यानं (9) प्लग (7) खोला’ असं लिहितो. लोक नावं फिरवतात पण कंस जुन्याच क्रमानं ठेवतात, म्हणून ‘कॅप (7)’ छापून येते. नुसते नंबर मोजून हे सापडत नाही कारण मोजणी बरोबरच भरते, चित्र समोर ठेवून एकेक नाव नंबरासोबत वाचावंच लागते.

पंपवाला मिस्त्री: माझ्याकडं आलेल्या एका पुस्तकात स्टेप 4 लांब होती म्हणून तोडून 4 अन् 5 केली, त्यामुळं पुढच्या सगळ्या एकेकानं सरकल्या पण खाली ‘6 ते 8 पुन्हा करा’ तसंच राहिलं. मुळात 6 पाणी भरा, 7 हलवा, 8 नोझलमधून फवारून काढा. आता फवारून काढायची झाली 9, म्हणजे दुसऱ्या खेपेला ती सुटलीच अन् धुतलेलं पाणी होजमध्येच राहिलं. 2,4-डी तणनाशक मारलेला पंप असा अर्धवट धुऊन कपाशीवर नेला तर पानं आकसतात.

शेतकरी ढाणकी: मिस्त्रीभाऊ, ड्रेन बोल्टचं वायसर भेटते का, माझा पंप गळून राहिला.

आर्वीकर: मग लांब स्टेप तोडूच नये का?

रेखा डीटीपी: वाक्यं दोन करा, नंबर एकच ठेवा. अन् स्टेपचा उल्लेख हातानं टाईप करू नका, वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स टाका, शेवटी `Ctrl+A` अन् `F9` दाबा. टेक्स्ट बॉक्समधले अपडेट होत नाहीत, ते वेगळे पाहा.

विनू वरुड: ते सगळं पटलं, तरी एकाच पानावर स्टेप १ अन् पार्ट 1 हे मला खटकतेच. माझ्या बापाला इंग्रजी आकडे जड जातात, त्यानं काय करावं? चित्रच बदलून द्या म्हणून कंपनीच्या मागं लागा.

पंपवाला मिस्त्री: चित्र येईतोवर हंगाम जाईन. मोबाइलचे नंबर तर सगळेच वाचतात न.

विनू वरुड: मोबाइल रोज हातात असते भाऊ, मॅन्युअल वर्षातून एकदा उघडते.