जागा वाढली, तरी घरात गर्दी का वाटते?

गिरणगावकर: चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची होती, माणसं सात. पुनर्विकासात अठराव्या मजल्यावर जवळपास तिप्पट जागा मिळाली, माणसं तीच सात. तरी दोन वर्षांत घरात भांडणं वाढली, वडील गप्प गप्प असतात, धाकटा भाऊ रात्री अकराशिवाय घरी फिरकत नाही. माझं स्पष्ट मत आहे, गर्दीनं माणूस बिघडत नाही, चाळच बरी होती. पटतंय का?

विक्रांत_नाशिक: अजिबात नाही. गर्दी बिघडवतेच. अमेरिकेत जॉन कॅल्हूनने उंदरांना पोटभर खायला-प्यायला दिलं आणि एकाच जागेत त्यांची संख्या वाढू दिली. माद्यांनी पिल्लं सांभाळणं सोडलं, नर एकमेकांना चावत सुटले. १९६२ साली त्याने हे छापलं. तुमच्या घरात सात माणसं आहेत हेच मूळ दुखणं आहे, चाळ काय अन् टॉवर काय.

मेधा_कुलकर्णी_पुणे: विक्रांत, प्रयोग खरा आहे, पण तुम्ही अर्धाच सांगितलात. त्या जागेचे चार कप्पे होते. टोकाच्या दोन कप्प्यांत शिरायला एकच वाट होती, म्हणून तिथे एकेक दांडगा नर वाट अडवून बसला. त्या कप्प्यांत गर्दी कमी राहिली आणि पिल्लंही बरीच जास्त जगली. हाहाकार झाला तो मधल्या कप्प्यांत. म्हणजे खोली तीच, खाणं तेच, पण कोण आत येणार हे ज्याच्या हातात होतं त्याचं निभावलं.

माणसांचं उदाहरण हाँगकाँगचं घ्या. तिथल्या दाटीच्या घरांवर रॉबर्ट मिचेलने १९७१ मध्ये लिहिलं. नुसत्या कमी चौरस फुटांमुळे लोक आतून फार खचलेले त्याला दिसले नाहीत. ताण उठून दिसला तो दोन बिनानात्याची कुटुंबं एकाच घरात राहत होती तिथे, आणि त्यातही वरच्या मजल्यांवर. खालच्या मजल्यावरचा माणूस वैतागला की रस्त्यावर जाऊन उभा राहतो. वरच्याला ते सहज जमत नाही. गिरणगावकर, तुमची चाळीची गॅलरी म्हणजे तीच वाट होती.

स्मिता_लालबाग: मेधाताई, गॅलरी कोणाची होती ते विचारा ना. मी चाळीत जन्मले, लग्नही चाळीतच झालं. वैतागला की पुरुष गॅलरीत, नाक्यावर, व्यायामशाळेत. आई मात्र मोरीपाशी. मी मोरीत आंघोळ करायची तेव्हा वडील आणि भाऊ बाहेर जाऊन उभे राहायचे, पावसात भिजत. दहावीचा अभ्यास मी जिन्यात केला, येणारा-जाणारा ‘काय गं, कुठलं पुस्तक?’ विचारायचा. त्याला माया म्हणा हवं तर. मला तेव्हा रडू यायचं. चाळ बरी होती असं म्हणणारा माणूस नेहमी पुरुषच का असतो?

मेधा_कुलकर्णी_पुणे: स्मिताताई, तुमच्या बोलण्याला आमच्या पुण्यातलाच आधार आहे. गॅरी इव्हान्स आणि स्टीफन लेपोर यांनी पळसाने सरांबरोबर इथल्या कुटुंबप्रमुखांचा अभ्यास केला, १९८९ मध्ये तो छापून आला. दाट घरांतल्या पुरुषांना मानसिक त्रास जास्त होता आणि त्यांना माणसांचा आधारही कमी वाटत होता. म्हणजे सतत अंगावर माणसं असली की माणूस मिटून जातो, आणि मग अडीअडचणीला जी माणसं लागतात तीच त्याच्यापासून तुटतात. ‘दाटीत माया वाढते’ हे आपलं लाडकं वाक्य तिथे टिकलं नाही.

पुढे १९९८ मध्ये शेजवल सरही होते त्या अभ्यासात दहा ते बारा वर्षांची कामकरी घरांतली मुलं पाहिली. दाट घरांतल्या मुलांचं शाळेतलं वागणं आणि अभ्यास दोन्ही मागे होते, आणि घरच्या मिळकतीचा हिशेब वेगळा काढल्यावरही तो फरक उरला. मुलग्यांचा रक्तदाब चढा होता. मुली न सुटणारं कोडं हाताळून झाल्यावर पुढचं सुटणारं कोडंही लवकर सोडून देत होत्या. तेव्हा वाट महत्त्वाची हे मी म्हणतेच, पण चौरस फुटांचं काही नाही असं नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा, घरं आहेत तशी पाहून केलेले हे अभ्यास आहेत, त्यांतून कारण पक्कं सिद्ध होत नाही.

सातारचा_पंत: डीजेवर बंदी आणा, सगळे प्रश्न सुटतील. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कागदावर आहे, पाळतं कोण?

विक्रांत_नाशिक: पंत, इथे विषय घरातल्या गर्दीचा चाललाय.

अर्चना_ठाणे: नाही, पंतांचा मुद्दा मला लागू आहे. आमची खिडकी रेल्वे रुळांवर उघडते. मे महिन्यात खिडकी उघडी ठेवली तर मुलीला धड्याची ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते, बंद केली तर ती घामाघूम. लोक म्हणतात, सवय होते. मला झाली, तिला होईल का?

मेधा_कुलकर्णी_पुणे: अर्चना, अगदी असंच एक उदाहरण न्यूयॉर्कच्या एका शाळेचं आहे. इमारतीजवळून उंचावरून रेल्वे जायची, तासाच्या वेळात साधारण दर साडेचार मिनिटांनी एक गाडी. गाडी आली की बाई बोलायच्या थांबायच्या. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी रुळांकडच्या आणि पलीकडच्या वर्गांची तुलना केली. सहावीपर्यंत रुळांकडची मुलं वाचनात जवळपास वर्षभर मागे पडलेली दिसली, १९७५ ची गोष्ट. म्हणजे कानाला सवय झाली तरी वाचनाला झाली नव्हती. मग रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं अस्तर लावलं. १९८१ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या. मला हा दाखला सगळ्यांत जास्त पटतो, कारण आवाज कमी केला आणि फरक गेला. मुलीची अभ्यासाची जागा घराच्या दुसऱ्या बाजूला हलवता येत असेल तर उद्याच हलवा, स्वयंपाकघर असलं तरी चालेल.

गिरणगावकर: स्मिताताई, तुमचं वाचून आईला विचारलं. ती म्हणाली, ‘मला परत नको जायला.’ मी हे आजवर तिला विचारलंच नव्हतं.

मेधाताई, गर्मीवरून मला एक दिसलं. आमचा हॉल पश्चिमेला, दुपारनंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि ती भिंत रात्री दहापर्यंत गरमच असते. एसी फक्त आतल्या खोलीत. मार्च संपला की सातही जण त्याच खोलीत झोपतो, टीव्हीही तिथेच आणलाय. चाळीत उन्हाळ्यात वडील आणि आम्ही भाऊ गॅलरीत पथारी टाकायचो, खोलीत तिघं उरायची. म्हणजे इथे घर मोठं, पण उन्हाळ्यात वापरातली खोली चाळीपेक्षाही दाट. आमची सगळी मोठी भांडणं एप्रिल-मे मधलीच आहेत.

मेधा_कुलकर्णी_पुणे: हे कुठल्याही अभ्यासापेक्षा नेमकं आहे. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई किंवा शेडनेट लावा. आतला पडदा फारसा उपयोगाचा नाही, ऊन काचेतून आत आलं की बरीचशी उष्णता खोलीतच अडकते. भिंतीलाही बाहेरून सावली देता आली तर उत्तम. हॉल रात्री झोपण्याजोगा झाला तर सात माणसं दोन खोल्यांत वाटली जातील.

विक्रांत_नाशिक: चटई लावा जरूर. पण जूनमध्येही भाऊ अकरालाच येत असेल तर मी म्हणतो तेच खरं.

स्मिता_लालबाग: आणि वडिलांचं काय? ते गप्प झालेत ते गर्मीने नव्हे. गॅलरीत बसलं की न बोलावता चार माणसं भेटायची. टॉवरमध्ये दार वाजवावं लागतं, आणि त्या पिढीला दार वाजवणं जमत नाही. त्यांना कोणी विचारलंय का, दिवसभर कुठे बसावंसं वाटतं?

गिरणगावकर: नाही विचारलं. लिफ्टपाशी एक बाक आहे, तिथे ते संध्याकाळी जाऊन बसतात आणि दार उघडलं की आत कोण आहे ते बघतात. मला वाटायचं, ते माझी वाट बघतायत.