मदत हवी आहे: तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन मशीन घ्यावं का? आमचा हिशेब बसत नाहीये

शुभदा_लेखापाल

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं ५० खाटांचं रुग्णालय आहे. यजमान सर्जन, दीर अस्थिरोगतज्ज्ञ, आणि हिशेब माझ्याकडे. सीटी स्कॅन ४४ किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावी. रात्री डोक्याला मार लागलेला माणूस आला की त्याला तसाच अँब्युलन्समध्ये घालून स्कॅनला पाठवायचं आणि तिकडून फोन येईपर्यंत इथे जीव मुठीत धरून बसायचं, असं किती वर्षं चाललंय. म्हणून मशीन घ्यायचं दोघा भावांनी मनात धरलंय. मलाही हवंय, पण कर्जावर सही करायचा धीर होत नाही.

मागच्या तीन महिन्यांची वही काढली. आम्ही बाहेर पाठवलेले स्कॅन ६१२, म्हणजे महिन्याला २०४. त्यातले ७१ महात्मा फुले जन आरोग्य योजनेतले भरती पेशंट. त्यांचा स्कॅन पॅकेजमध्येच धरलेला असतो, वेगळे पैसे मिळत नाहीत. म्हणजे रोख फी देणारे उरले १३३.

नवीन ३२ स्लाइसच्या, म्हणजे एका फेऱ्यात ३२ काप टिपणाऱ्या मशीनचं कोटेशन जीएसटी धरून १ कोटी ५५ लाख. खोली, शिसं लावलेले दरवाजे, एसी, यूपीएस, वाढीव वीजभार यांना २२ लाख. ३७ लाख घरचे घातले तर कर्ज १ कोटी ४० लाख. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी हप्ता २ लाख ३६ हजार. वॉरंटी संपल्यावर क्ष-किरणांच्या ट्यूबसकट सर्वंकष देखभाल करार वर्षाला १३ लाख, महिन्याला १ लाख ८ हजार. तीन तंत्रज्ञ ७५ हजार, वीज ४५ हजार, किरकोळ २० हजार. महिन्याचा पक्का खर्च ४ लाख ८४ हजार झाला.

आमच्याकडचे बहुतेक स्कॅन डोक्याचे, साधे. सरासरी फी २,४०० पेक्षा जास्त धरवत नाही. रिपोर्टिंग, फिल्म, कॉन्ट्रास्टचं औषध मिळून ७०० गेले की हातात १,७००. म्हणजे महिन्याला २८५ पैसे देणारे स्कॅन लागतात, आणि माझ्या वहीत १३३ आहेत. कंपनीच्या माणसाने आणलेल्या कागदावर रोज १२ स्कॅन, प्रत्येकी ३,५०० आणि तीन वर्षांत पैसे वसूल असं लिहिलंय.

दुसरा पर्याय ६५ लाखांचं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त करून विकलेलं १६ स्लाइस. माझा हिशेब कुठे चुकतोय का? आणि पाच वर्षांत हे तंत्रज्ञानच जुनं झालं तर आम्ही काय करायचं?

रानपाखरू

ताई, सध्या थांबाच. फोटॉन काउंटिंग सीटीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. कमी किरणोत्सर्गात जास्त बारीक चित्र. ते स्वस्त झालं की आत्ताची सगळी मशीनं भंगारात जाणार. मोबाइलचं तेच झालं, टीव्हीचं तेच झालं. दोन वर्षं दम धरा.

बायोमेडिकल_नाना

शुभदाताई, मी २६ वर्षं सीटी मशीनच्या दुरुस्तीत काढली, त्यातली बरीच मराठवाड्यात. आधी रानपाखरू यांच्या मुद्द्याबद्दल, कारण तो अर्धा बरोबर आहे. फोटॉन काउंटिंग खरंच वेगळं तंत्र आहे. पण ते हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या, फुप्फुसाचे आजार अशा कामांना मोठ्या केंद्रांत उपयोगी पडतंय, आणि किमती अशा आहेत की तुमच्या गावाच्या वाऱ्यालाही ते इतक्यात यायचं नाही. चार स्लाइस १९९८ च्या सुमारास आलं, २००४ मध्ये ६४ आलं. वीस वर्षं झाली, तरी १६ स्लाइसची मशीनं आजही डोक्यातला रक्तस्राव बिनचूक दाखवतात. स्लाइस वाढल्या म्हणून डोक्याचा स्कॅन जुना होत नाही.

मशीन जुनं होतं ते दुसऱ्याच वाटेनं. कंपनी ते मॉडेल बंद करते, मग काही वर्षांनी सुट्या भागांचा पुरवठा थांबल्याचं पत्र येतं. त्यानंतर ट्यूब गेली तर ती बाजारात कुठून तरी शोधावी लागते, कन्सोलचा कॉम्प्युटर बसला तर ती जुनी प्रणाली चालवणारा दुसरा मिळत नाही. म्हणून विक्रेत्याला स्लाइस किती ते नंतर विचारा. आधी विचारा की हे मॉडेल बाजारात कधी आलं आणि बसवल्यापासून दहा वर्षं सुटे भाग देण्याची लेखी हमी देता का. देखभाल कराराचे दुसऱ्या वर्षापासून दहाव्यापर्यंतचे दर आत्ताच खरेदीच्या कागदावर लिहून घ्या. मशीन बसल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही, तेव्हा तो म्हणेल तो दर.

आता हिशेब. त्यात एक चूक आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे. त्या ७१ योजनेच्या पेशंटांचे स्कॅन आज फुकट होतात का? बाहेरच्या सेंटरला तुम्ही किती देता?

शुभदा_लेखापाल

नाना, खरंच की. स्कॅनमागे १,८०० आम्हीच भरतो. ते मी रुग्णालयाच्या वेगळ्या खात्यात टाकते म्हणून इथे धरलंच नाही.

बायोमेडिकल_नाना

मग बघा. तो स्कॅन घरी ७०० मध्ये होईल. प्रत्येकी ११०० वाचले, म्हणजे ७१ मागे ७८ हजार. ४ लाख ८४ हजारांतून ते वजा केले की उरतात साधारण ४ लाख ६ हजार. १,७०० नी भागा. २८५ ऐवजी २३९ पुरतात. १३३ आहेत, कमी पडतात १०६, रोजचे साडेतीन. अँब्युलन्सचं डिझेल वाचेल ते मी धरलंच नाही.

आता तोच हिशेब उलटा करून बघा. उद्या गावात दुसरं मशीन आलं आणि सरासरी फी १,९०० वर उतरली तर हातात १,२०० राहतात आणि ३३८ स्कॅन लागतात. तुमचा खरा धोका मला इथे दिसतो. तंत्रज्ञानापेक्षा शेजारी लवकर येतो.

डॉ_हाडवैद्य

आमचा अनुभव सांगतो, ताईंच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल. आम्ही रिफर्बिश्ड १६ स्लाइस घेतलं होतं. कोणाकडून ते लिहीत नाही. चौदाव्या महिन्यात ट्यूब गेली. करार होता, पण ट्यूब वगळून. २१ लाख गेले आणि १९ दिवस मशीन बंद. त्या १९ दिवसांत बाहेरचे जे डॉक्टर पेशंट पाठवायला लागले होते ते परत जिल्ह्याकडे वळले. ट्यूबचे पैसे भरून निघाले, ते डॉक्टर पूर्ण परत आले नाहीत. ६५ लाखांच्या मशीनला ८५ लाखांचं समजूनच हात लावा.

बायोमेडिकल_नाना

डॉक्टरसाहेब, हे ऐकून वाईट वाटलं, कारण बऱ्याचदा हे आधी कळतं. ट्यूब मरायच्या आधी आर्क व्हायला लागते, म्हणजे आतल्या आत ठिणगी पडते. स्कॅन मध्येच थांबतो, पुन्हा घ्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळची नोंद मशीनच्या एरर लॉगमध्ये राहते. विक्रेत्याकडून मागच्या सहा महिन्यांचा लॉग आणि ट्यूबवर झालेल्या स्कॅनचा आकडा मागावा. जो देत नाही त्याच्याशी पुढे बोलू नये. पाण्याच्या फँटमचा, म्हणजे चाचणीसाठी पाणी भरलेल्या डब्याचा स्कॅन समोर घ्यायला लावावा. चित्रात वर्तुळं दिसली आणि कॅलिब्रेशन करूनही गेली नाहीत, तर डिटेक्टरचा एखादा भाग गेलेला असतो.

आणि रिफर्बिश्ड घेताना पैसे देण्याआधी त्या मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना मिळतो का ते पक्कं करा. खोलीचा आराखडा, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, तंत्रज्ञांचे किरणोत्सर्ग मोजणारे टीएलडी बॅज, सगळं त्यांच्या ई-लोरा प्रणालीवर जातं. परवान्याशिवाय एकही पेशंट घेता येत नाही, हप्ता मात्र चालू होतो.

सखाराम_पाटील

ताई, तुमच्याकडं सीटी सुरू झालं का? आमच्या आईला पोटाचं सांगितलंय. किती घेता? आम्ही तुमच्याच तालुक्याचे असू बहुतेक.

शुभदा_लेखापाल

पाटीलदादा, अजून नाही हो, घ्यायचं की नाही त्याचाच विचार चाललाय. आईंना कोणी सांगितलंय? भरती करून उपचार असतील तर आधी त्या रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. एक विचारू का, आमच्याकडे मशीन असतं तर तुम्ही इथे आला असता?

सखाराम_पाटील

जिल्ह्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. खरं सांगू का, आलो नसतो. त्यांना दाखवायला परत तिकडंच जायचं, मग एकाच फेरीत स्कॅन करून घेतो. रात्री-अपरात्री काही झालं तर मात्र तुमच्याकडंच येऊ.

रेडिओ_मीनल

पाटीलदादांनी जे सांगितलं ते कोणत्याही सर्व्हेपेक्षा मोलाचं आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, तीन तालुक्यांचे स्कॅन पुण्यातून टेलिरिपोर्टिंगने वाचते. शुभदा, तू १०६ जास्तीचे स्कॅन शोधताना कॉन्ट्रास्टचे, पोटाचे, कॅन्सरचे धरू नकोस. ते डॉक्टरच्या मागे जातात. तुझे वाढीव स्कॅन येतील ते डोक्याचे, मणक्याचे, मूतखड्याचे आणि पक्षाघाताचे. म्हणून तुझी २,४०० ची सरासरी मला बरोबर वाटते, कंपनीची ३,५०० नाही.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी रक्तस्राव नाही हे सीटीवर बघावंच लागतं. ४४ किलोमीटर जाऊन यायचं म्हटलं तर ती वेळ हातातून जाते. आज असे पेशंट तुमच्या वहीत येतच नाहीत, नातेवाईक गाडी परस्पर जिल्ह्याला नेतात. गावातल्या फिजिशियनना भेटून विचार, महिन्याला असे किती जण त्यांच्या दारातून पुढे जातात. फक्त दोन गोष्टी आधी ठरव. रात्री दोन वाजता रिपोर्ट अर्ध्या तासात देणारा करार आणि कॉन्ट्रास्ट देताना जागेवर डॉक्टर.

आणि एक. काही डॉक्टर पेशंट पाठवायचे पैसे मागतील. तो कट बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तुझ्या १,७०० मध्ये त्याला जागाही नाही. त्याच्या भरवशावर येणारा एकही स्कॅन अंदाजात धरू नकोस.

रानपाखरू

नाना, सुट्या भागांचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. पण मग मशीन विकत घेण्याऐवजी कंपनीलाच बसवू द्यावं आणि उत्पन्नात वाटा घ्यावा, हे बरं नाही का? जुनं झालं तर त्यांचं झालं.

बायोमेडिकल_नाना

काही ठिकाणी बरं पडतं. पण अशा करारात बहुधा महिन्याला किमान इतके स्कॅन अशी अट असते आणि कमी पडले तर फरक रुग्णालयाने भरायचा असतो. योजनेचे ७१ त्यात मोजणार की नाही, मोजले तर कोणत्या दराने, हे आधी बघा. मी दोन्ही तऱ्हेचे करार पाहिलेत, सरसकट उत्तर देता येणार नाही.

डॉ_हाडवैद्य

ताई, उपजिल्हा रुग्णालयात सरकारी सीटी येणार अशी काही चर्चा आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे होती, आम्ही मनावर घेतली नाही.

शुभदा_लेखापाल

चर्चा आहे, दोन वर्षांपासून. खोली बांधून तयार आहे, मशीनचं कोणालाच माहीत नाही. तिथे स्कॅन फुकट किंवा अगदी कमी दरात झाला तर नानांचा ३३८ चा आकडाही कमीच पडेल.

या आठवड्यात गावातल्या चारही फिजिशियनकडे जाऊन पक्षाघाताचे आणि डोक्याचे आकडे लिहून आणते, आणि कंपनीला दहा वर्षांच्या हमीचं पत्र मागते. रिफर्बिश्डवाल्याकडे लॉग मागितला, तो म्हणाला मशीन अजून गोदामात आहे, चालू करून दाखवता येणार नाही. नाना, न चालणाऱ्या मशीनचा लॉग काढता येतो का?

बायोमेडिकल_नाना

लॉग कन्सोलच्या हार्डडिस्कवर असतो. नुसता कन्सोल चालू केला तरी बऱ्याच मॉडेलमध्ये वाचता येतो. त्याला मॉडेलचं पूर्ण नाव आणि बनावटीचं वर्ष विचारून इथे टाका, मग सांगतो.