मदत हवी आहे: विरुद्ध कब्जा, १२ वर्षे मोजायची कुठून?

प्रतिवादी १९९८ पासून ११ गुंठ्यांवर आहे. मूळ मालकाने चुलतभाऊ म्हणून 'कसून खा' असं तोंडी सांगितलं होतं. म्हणजे सुरुवात परवानगीची, आणि परवानगीचा ताबा २५ वर्षं चालला तरी आपोआप विरुद्ध होत नाही. मालकाच्या कानावर घालून हक्क नाकारलेला दिवस दाखवावा लागतो. ७/१२ वरची नोंद आणि पाणीपट्टीच्या पावत्या आहेत, पण त्यातून फक्त वहिवाट दिसते.

असा दिवस एकच सापडतो. जुलै २०१२ मध्ये वारसांच्या नोटिशीला त्याने लेखी उत्तर दिलं, 'जमीन माझी आहे, तुमचा संबंध नाही', आणि त्याच महिन्यात तारेचं कुंपण घातलं. मालकीवरून ताब्याचा दावा जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाला. अनुच्छेद ६५ प्रमाणे १२ वर्षं सहा महिने आधीच पूर्ण दिसतात.

मी वारसांच्या बाजूने आहे. खरेदीचा बचाव कैफियतीत नाही आणि सर्व वारस नोटिशीत होते, त्यामुळे ते फाटे नकोत. अडकलंय ते २०१६ च्या चिठ्ठीवर: 'किंमत सांगा, विकत घेतो.' अक्षर त्याचंच आहे, पण खाली सही नाही. सहीअभावी मुदत कायद्याच्या कलम १८ ची कबुली म्हणून ती टिकणार नाही, असं माझं मत.

मग मालकीचा इरादाच नव्हता, हे दाखवायला ती वापरता येईल का? की 'कटकट मिटवायला विचारलं' एवढ्यावर तो सुटेल?