डिस्चार्जनंतर मेडिक्लेमचे कागद: तुमचे अनुभव लिहा

रुचा_सिंहगडरोड
परवा ऑफिसातल्या एकाचा मेसेज आला. आईला उद्या डिस्चार्ज आहे, हॉस्पिटल नेटवर्कमधलं नाही, पैसे आधी आपण भरून मग क्लेम टाकायचा, तर काय काय मागून घेऊ? त्याला उत्तर टाइप करताना सासऱ्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची आठवण झाली, म्हणून हा धागा.

आमचं बिल होतं १,१२,४०० रुपये. ॲडमिट करताना ६०,००० डिपॉझिट कार्डाने भरलेलं. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने डिपॉझिटची पावती मागून घेतली, त्यांच्या कॉपीला स्टेपल केली आणि उरलेल्या ५२,४०० ची नवी पावती हातात दिली. तिथली पद्धतच तशी. आम्ही फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, बिल, रिपोर्ट सगळं पाठवलं, तर विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएची क्वेरी: बिल १,१२,४०० चं, पावती ५२,४०० ची, बाकी ६०,००० भरल्याचा पुरावा द्या.

शेवटी अकाउंट्समधल्या एका भल्या माणसाने डुप्लिकेट पावती छापून दिली आणि लेटरहेडवर पावती नंबर, तारीख, रक्कम, कार्डाने भरले असं लिहून शिक्का मारला. सोबत बँक स्टेटमेंटचं ते एक पान जोडलं. क्लेम झाला, हातमोजे-सुया वगैरे कापून. म्हणून त्या सहकाऱ्याला पहिलं हेच लिहिलं की डिपॉझिटची मूळ पावती परत देऊ नकोस, आणि घेतलीच तर शेवटच्या पावतीवर दोन्ही रकमा लिहून माग.

तुमचं काय काय अडलं?

निखिल_वारजे
कॅशलेस घ्या ना सरळ, एवढी कटकट कशाला. आम्हाला एकही कागद लागला नाही.

डेस्कवरचा_माणूस
बरीच वर्षं हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसलोय, म्हणून थोडं लिहितो.

क्लेम तपासणारा आधी बेरीज जुळवतो. पावत्यांची बेरीज बिलाएवढी हवी. मग बिलातली प्रत्येक ओळ कशाने तरी सिद्ध व्हायला हवी. नुसतं "लॅब ८,४००" असं लिहिलेलं बिल परत येतं. कुठली टेस्ट, कुठल्या तारखेला, केवढ्याची, असं फोडलेलं बिल मागा आणि प्रत्येक टेस्टचा रिपोर्ट लावा. रुचाताईंच्या केसमध्ये हर्नियाची जाळी बसवली असणार. तिच्या खोक्यावरचा स्टिकर आणि तिचं बिल, दोन्ही लागतं. तो स्टिकर ओटीतून केस पेपरवर चिकटवून येतो, पेशंटच्या हातात आपोआप येत नाही. मोतीबिंदूच्या लेन्सचं आणि स्टेंटचंही तसंच.

क्लेम फॉर्मचा भाग अ तुम्ही भरायचा. भाग ब हॉस्पिटलने, सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट. छोटं नर्सिंग होम असेल तर महापालिकेच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची झेरॉक्स तेव्हाच घ्या. घरी गेल्यावर यातलं काहीही मिळवायचं तर ज्या डॉक्टरांची सही हवी ते नेमके सुट्टीवर असतात.

मीनल_स
सुट्टीवर 😂 आमचे तर कॉन्फरन्सला गोव्याला होते.

अपर्णा_कर्वेनगर
कुकर लावलाय, पटकन लिहिते. औषधांची बिलं!! माझ्या आईच्या वेळी नर्स चिठ्ठी द्यायची, मी खालच्या मेडिकलमधून आणायची, चिठ्ठी तिथेच राहायची. नंतर प्रत्येक बिलाला प्रिस्क्रिप्शन मागितलं.

डेस्कवरचा_माणूस
@अपर्णा, चिठ्ठीचा फोटो काढून ठेवणं बरं, पण मूळ चिठ्ठी मेडिकलवाल्याकडून परत मागायचीच. बिलावर पेशंटचं नाव हवं, आणणाऱ्याचं नको. आणि उरलेली सलाईन, इंजेक्शनं परत करता ना, त्याची रिटर्न पावती पण जोडा. समजा १८,६५० ची औषधं घेतली आणि २,१५० ची परत केली, तर क्लेम १६,५०० चा. पूर्ण १८,६५० मागितले आणि रिटर्न नंतर त्यांना दिसलं, तर ते बाकीची बिलंही संशयाने बघायला लागतात.

सदाशिव_पेठी
एक लक्षात ठेवा, ओरिजिनल कागद एकदाच देता येतात. त्यामुळे कंपनीची पॉलिसी आणि स्वतःची अशा दोन असल्या तरी क्लेम एकाच ठिकाणी होतो. दुसरीचा हप्ता फुकट.

कल्याणी_औंध
@सदाशिव_पेठी ओरिजिनलचं बरोबर, पण पुढचं नाही. आमचं बिल नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीच्या मर्यादेबाहेर गेलं होतं. पहिल्या क्लेमला ओरिजिनल दिले, आणि देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढून हॉस्पिटलकडून शिक्के मारून घेतले. पहिल्यांनी किती दिले, किती कापले याचं सेटलमेंट लेटर मिळालं. ते आणि शिक्क्याच्या प्रती दुसऱ्या कंपनीला दिल्या, उरलेली रक्कम मिळाली. सगळी नाही, पण बरीच.

सदाशिव_पेठी
असेल. आमच्या एजंटने असं कधी सांगितलं नाही.

मीनल_स
एजंट हप्त्याच्या महिन्यातच दिसतो आमचा.

रुचा_सिंहगडरोड
@निखिल, कॅशलेस झालं तरी घरी आल्यावरची औषधं, फॉलोअपची फी, ड्रेसिंग हे सगळं रिइम्बर्समेंटनेच मागावं लागतं. बऱ्याच पॉलिसीत ॲडमिट होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात, तुझ्या पॉलिसीत बघून घे. आधीची सोनोग्राफी बाहेर केली असेल तर तीही, फक्त ती ज्या डॉक्टरांनी सांगितली त्यांची चिठ्ठी हवी.

निखिल_वारजे
अरे! हे माहीतच नव्हतं. बाबांची फिजिओथेरपी चालू आहे त्याचं चालेल का?

डेस्कवरचा_माणूस
सर्जनने लिहून दिली असेल आणि त्याच आजाराची असेल तर टाका. पॉलिसीवर अवलंबून आहे, पण कागद तर जमवा. फिजिओच्या पावतीवर प्रत्येक सिटिंगची तारीख लिहून घ्या.

अपर्णा_कर्वेनगर
आणखी एक. डिस्चार्ज कार्ड सही व्हायच्या आधी वाचा. आईच्या कार्डावर ज्युनियर डॉक्टरने "बीपी १० वर्षांपासून" असं टाइप केलं होतं. खरं दोन वर्षांपासून, आणि पॉलिसी त्याआधीची. आधीचा आजार लपवला असा अर्थ निघाला असता. वॉर्डमध्येच भावाने पकडलं म्हणून नवीन प्रिंट मिळाली.

डेस्कवरचा_माणूस
शंभर टक्के. नंतर दुरुस्त केलेलं कार्ड दिलं की कंपनी सगळे इनडोअर केस पेपर मागवते, आणि ॲडमिशनच्या वेळचा इतिहास त्यात हाताने लिहिलेला असतो. तिथेही दहाच लिहिलं असेल तर अवघड.

जोशी_काका_नारायणपेठ
आमचा क्लेम नामंजूर झाला होता. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, उत्तर पटलं नाही म्हणून विमा लोकपालांकडे गेलो. केळकर रोडला ऑफिस आहे, आम्हाला चालत जाण्यासारखं. वकील लागत नाही, फी नाही. तिथेही हीच फाईल कामाला येते, म्हणून घरात एक पूर्ण झेरॉक्स संच ठेवा. निकाल पूर्ण आमच्या बाजूने लागला असं नाही, पण अर्ध्याहून जास्त मिळाले.

मीनल_स
काका, झेरॉक्सवाला कुठला तुमच्याकडे? आमच्या इथला पान तिरकंच काढतो, शिक्का अर्धा कापला जातो.

कल्याणी_औंध
ॲपवर सगळं स्कॅन करून टाकलं तर ओरिजिनल कुरिअर करायचे की नाही? आमच्याकडे एकदा मागितले, एकदा नाही.

अपर्णा_कर्वेनगर
आम्हाला मागितलेच. कॅन्सल्ड चेकसुद्धा नाव छापलेलाच हवा म्हणाले, साधा चालला नाही.

निखिल_वारजे
आम्हाला इनडोअर पेपरच्या कॉपीचे पाचशे मागतायत. घेऊ शकतात का?

सदाशिव_पेठी
आमच्याकडे पण घेतले. पावती दिली नाही.

मीनल_स
पावती दिली असती तर तीही क्लेमला जोडली असती 😄